नानांचे कान आणि जिनिंगचा कापूस

धरणगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. इथे फोन आणि त्याच्या मालकाचा स्वभाव, दोन्ही दुरुस्तीला येतात. स्वभावाला सुटे भाग मिळत नाहीत.

एका दुपारी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमधले नाना आले. तीस वर्षं पाचोऱ्याच्या व्यापाऱ्यांचे फोन तेच घेत. हल्ली प्रत्येक फोनला चारदा "काय?" म्हणू लागले, तेव्हा जिनिंगच्या शेठनी ठरवलं, सोमवारपासून फोन आपल्या पुतण्याकडे. घरच्यांनी तर जळगावला कानाच्या डॉक्टरची वेळच घेऊन टाकली होती. माणसाला बहिरा ठरवण्यात आपल्याकडे केवढी एकजूट असते.

"बठ्ठा, सगळेच म्हणतस, मना कान गयात," नाना म्हणाले. "गाणं लावलं तर फोनच खरखरतो. तोही म्हातारा झाला म्हणायचा."

मी नानांना इअरफोन लावून त्यांच्या फोनवरून माझ्या बायकोला फोन जोडून दिला. नानांना शब्द न् शब्द कळला. म्हणजे कान शाबूत, नेटवर्कही. बोलणं ऐकवणारा स्पीकर वर असतो, गाणी वाजवणारा खाली. म्हणजे दुखणी दोन.

वरची जाळी भिंगाखाली धरली. कापसाच्या तंतूंनी तिची छान गादी झाली होती. खिशात फोन ठेवून दिवसभर कापूस तपासायचा, मग दुसरं काय होणार? मऊ ब्रशने गादी काढली.

खाली मात्र जावयाची कृपा होती. सासऱ्यांना ऐकू यावं म्हणून त्याने आवाज दोनशे टक्के करणारं ॲप टाकलं होतं. बोटाच्या नखाएवढा स्पीकर, आणि अपेक्षा लग्नातल्या बँडची. ॲप काढलं, तसं मोठ्या आवाजाचं फाटणं कमी झालं. पण हळू आवाजातही थोडी खरखर उरलीच.

"नाना, इथे काही खुपसलं का?"

नाना छताकडे पाहू लागले. "पोती शिवायचं दाभण. थोडंसंच. कचरा काढत होतो."

कचरा राहिला जागेवर, आतला पातळ पडदा फाटला. त्याला इलाज नाही, भागच बदलावा लागतो. तो बदलला.

"आता शेठला फोन लावा," मी म्हणालो. नानांनी फोन कानाला लावला. पलीकडे शेठ शेजारच्याला सांगत होते, "बहिऱ्याचा फोन आहे. हो हो करून ठेवून देतो."

"ठेवू नका, शेठ," नाना शांतपणे म्हणाले. "पंखा बंद करा हवं तर, त्याचाही आवाज येतोय."

पलीकडे पंख्याचं बटण खटकन बंद झालं. मग शेठनी घसा खाकरला आणि सोमवारी नेहमीच्या वेळेला या म्हणाले. पुतण्याचं नावही निघालं नाही.

नाना उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"भाऊ, घरमा सांगू नको," ते म्हणाले. "तिथे बहिरा शे, तेच बरं शे."