फळ्यावरची आकृती

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. नागपूरहून पदवी घेऊन आलो तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि तालुक्याच्या शाळेत गणिताला माझ्याइतकं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. हे मी विसरत नसे, दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

वार्षिक परीक्षेचा कारभार माझ्याकडे होता. छापखान्यात अक्षरं होती, आकृती छापायची सोय नव्हती. म्हणून आकृतीचा प्रश्न असला की पेपरात "आकृती फळ्यावर पाहा" एवढंच छापून घ्यायचं आणि सकाळी खडूनं ती काढायची, अशी आमच्याकडची रीत. त्या वर्षीचा प्रश्न होता नळकांड्यावर शंकू बसवलेल्या भरीव वस्तूचा: घनफळ आणि पृष्ठफळ काढा. घंटेआधी दोन्ही खोल्यांत मी मापांसकट आकृती काढली आणि पहिल्या खोलीत देखरेखीला बसलो.

तपासताना पाहिलं, तर दुसऱ्या खोलीतल्या बहुतेकांनी तो प्रश्न सोडलेला. म्हटलं, ढ आहेत. एकानंच सोडवला होता. जानेफळचा, पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्यानं लिहिलं होतं, "मापे मी धरली आहेत: त्रिज्या ७, नळकांड्याची उंची १०, शंकूची उंची २४, तिरकी उंची २५." माझी मापं निराळी होती. फळ्यावर मापं असताना हा स्वतःची धरतो, म्हणजे मलाच शिकवतो! मी शून्य दिलं. पुढची रीत वाचलीसुद्धा नाही. गणितात तो चार गुणांनी नापास झाला. नापासाला नादारी, म्हणजे गरिबांची फीमाफी, मिळत नसे, आणि फी भरून शिकणं त्याच्या घरी जमणारं नव्हतं.

निकाल लागल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी दुसऱ्या खोलीवरून टोमणा मारला. तिथं देखरेखीला असलेले कवायतीचे मास्तर पान लावत होते.

"आकृती कुठं होती जी? फळा तं म्या पुसून घेतला."

"काऊन?"

"तुमचाच हुकूम. घंटेआधी फळा कोरा पाह्यजे, कोनी पाहून लिहू नये. पोरं इचारत व्हते, म्या म्हटलं, पेपरात हाय तेच सोडवा. चुप बसा."

तो हुकूम माझ्याच अक्षरात दाराला चिकटवलेला होता. आकृतीपुरती त्यात सूट लिहायला मी विसरलो होतो.

उत्तरपत्रिका काढून बसलो. नळकांडं १५४०, शंकू १२३२, मिळून २७७२. पृष्ठफळात त्यानं नळकांड्याची वक्र बाजू ४४०, शंकूची ५५० आणि तळ १५४ घेतला होता: ११४४. जिथं शंकू बसतो ते वर्तुळ त्यानं कुठंच मोजलं नव्हतं. पहिल्या खोलीतल्या निम्म्यांनी ते दोनदा मोजलं होतं, आणि त्यांना मी अर्धे गुण दिले होते.

हेडमास्तर म्हणाले, "चूक तुमची आहे, लेखी द्या. गुण बदलतो."

लेखी. सहीपुढं मी नेहमी पदवी लिहीत असे. त्या कागदावर ती लिहायला हात धजेना. चार दिवस कागद खणात राहिला. पाचव्या दिवशी दिला तेव्हा हेडमास्तरांनी गुण बदलले आणि सांगितलं, नादारीची यादी काल मंजूर झाली. जागा भरल्या. आता पुढच्या साली.

जानेफळला गेलो. दुकानात बाप पत्रा ठोकत होता, मुलगा कैचीनं कापत होता. मी उत्तरपत्रिका पुढं केली, सगळं सांगितलं. चार दिवसांचंही.

बापानं तीत मुलानं काढलेली आकृती पाहिली. "डबा दहाचा अन् टोपी चोवीसची? असा डबा कोन घेईल बे?"

"सातानं भागाले सोपं जाते, अब्बा. अन् तिरकी उंची पुरी पंचवीस येते." मग माझ्याकडे वळून, "रीत बरोबर व्हती ना, मास्तर?"

"पूर्ण बरोबर."

"जोडाची चकती धरली नाही म्हनून शून्य भेटलं, असं वाटलं व्हतं मले. पन जोडाच्या आत पत्रा लागतच नाही."

"पुढच्या साली नादारीचा अर्ज मी स्वतः लिहितो," मी म्हणालो.

"सालभर तं हा इथंच बसन," बाप म्हणाला. "मंग हाताले कामाची सवय लागते, मास्तरसाहेब. पाहू."

मुलानं उत्तरपत्रिका घडी घालून मला परत दिली. पुढच्या साली जूनमध्ये मी अर्ज लिहून ठेवला, सहीपुढं पदवी न लिहिता. तो आला नाही.