न विरघळलेले पांढरे

आमच्या सांगलीच्या महाविद्यालयाच्या स्मरणिकेत माझ्याविषयी दोन लेख आले आहेत, आणि दोन्ही खोटे आहेत. पहिल्या लेखकाच्या मते मी चाचणी-व्याख्यानाच्या दिवशी बाटली बदलली आणि प्रतिस्पर्ध्याला फसवून डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळवली. दुसरा माझा विद्यार्थी. त्याने माझ्या बाजूने लिहिताना असे ठोकून दिले आहे की, त्या प्रतिस्पर्ध्याला विषयच समजला नव्हता आणि सरांनी एका प्रश्नात त्याला उघडे पाडले. आरोप करणाऱ्याला मी समजू शकतो. तो त्या दिवशी मागच्या बाकावर होता आणि तिथून त्याला काही दिसत नव्हते. पण या स्तुतीचा मला अधिक राग आहे. जे घडले ते मी केले आहे. ते कसे केले हे सांगण्याचा अधिकार माझा आहे, या दोघांचा नाही.

महायुद्धाची शेवटची वर्षे होती. रसायनशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटरची एकच जागा निघाली आणि अर्ज दोघांचे टिकले. मी पदवीनंतर तिथेच तात्पुरता साहाय्यक होतो; द्रावणे करणे, बाटल्या भरणे, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणे ही माझी कामे. दुसरा शिराळ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शाळेपासूनचा माझा वर्गमित्र. परीक्षेत तो माझ्यापेक्षा चार गुणांनी पुढे होता. हे मी लपवीत नाही. त्याचा थोरला भाऊ पलटणीत होता आणि वडिलांनी त्याला निर्वाणीचे सांगितले होते की, ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर भावाबरोबर साताऱ्याला भरतीला जायचे. चाचणीच्या आदल्या दिवशी विश्रामबागेच्या रस्त्याने चालताना त्याने मला हे सगळे सांगितले.

"मला बंदूक नको गड्या," तो म्हणाला. "मला हितंच ऱ्हायचंय. दादा सुट्टीवर आलाय, परवा परत निघतोय. जागा मिळाली न्हाई तर माझी वळकटीबी त्याच्यासंगं बांधलेलीच हाय."

मी ऐकून घेतले.

विभागप्रमुखांची पद्धत अशी की, उमेदवाराने इंटरच्या वर्गासमोर एक विषय प्रयोगासह शिकवायचा. विषय ते आदल्या दिवशी देत. व्याख्यान सुरू झाले की टेबलावर असेल तेवढ्यावरच भागवायचे, कपाटातून काही मागायचे नाही. दुसऱ्या उमेदवाराने पहिल्या बाकावर बसून शंका विचारायच्या. त्याला दिलेला विषय होता मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची विद्राव्यता: शुद्ध पाण्यात किती आणि पी-एच ठरावीक राखणाऱ्या बफरमध्ये किती. हा पदार्थ म्हणजे पित्तावर घ्यायच्या पांढऱ्या दुधासारख्या औषधातला पांढरेपणा. त्याला लागणारे बफर अमोनिया आणि अमोनियम क्लोराइडचे, पी-एच नऊचे. ते मी व्याख्यानाच्या दिवशी सकाळी केले, कारण ते माझेच काम होते. बाटलीवर चिठ्ठी लावली: 'बफर, पी-एच ९'. आमच्याकडे चिठ्ठीवर पी-एच तेवढा लिहीत; द्रावण किती तीव्र आहे ते साहाय्यकाच्या वहीत असे. हे बफर दशांश मोलरचे होते, म्हणजे पातळच. नेहमीच्या प्रात्यक्षिकांना आम्ही तेवढेच करत असू. बाटली मी बदलली नाही. ती पहिली होती तीच शेवटपर्यंत टेबलावर होती.

तो उत्तम बोलला. अंगावर भावाचा खाकी सदरा होता, बाह्या दुमडलेल्या. वर्गाशी तो गावाकडच्या बोलीत बोलायचा आणि त्यामुळे मुले जागी राहायची.

"हा पदार्थ पाण्यात टाकला की थोडा इरघळतो," तो म्हणाला, "आणि इरघळताना हायड्रॉक्साइड सोडतो. पन त्येच हायड्रॉक्साइड पुढच्याला आडवं येतं. म्हंजे ह्यो गडी आपलीच वाट आपन अडवतोय. म्हनून लिटरभर पान्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम जातो. आता बफर. हितं अमोनियम बसलेलं हाय. हायड्रॉक्साइड सुटलं की त्ये त्याला गिळतं आणि अमोनिया करतं. पी-एच नऊच्या वर जात न्हाई, वाट मोकळी ऱ्हाती."

मग फळ्यावर त्याने हिशेब मांडला. पाण्यात हायड्रॉक्साइड मॅग्नेशियमच्या दुप्पट धरायचे, म्हणून तिथे घनमूळ येते. बफरमध्ये हायड्रॉक्साइड आधीच ठरलेले. विद्राव्यता गुणाकाराला त्याच्या वर्गाने नुसते भागायचे. उत्तर लिटरमागे सात ग्रॅम आले. पाण्याच्या आठशेपटीहून जास्त.

प्रमुखांनी मध्येच विचारले, "म्हणजे बफरमध्ये नेहमी अधिकच विरघळणार?"

"न्हाई सर. भरल्या द्रावणाचा आपला पी-एच साडेदहाच्या आसपास असतो. बफर त्याच्या खालचं असलं तर जास्त. बाराचं बफर घेतलं तर पान्याहून लय कमी."

प्रमुखांनी मान हलवली. ही मान मी तीन वर्षांत माझ्यासाठी हललेली पाहिली नव्हती. स्मरणिकेतल्या माझ्या भक्ताला म्हणून सांगतो: विषय त्याला समजला होता. माझ्याइतकाच.

नंतर त्याने दोन चंचुपात्रे पुढे घेतली, एकात शंभर मिलिलिटर पाणी, दुसऱ्यात तेवढेच बफर. दोन्हींत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या ताज्या ओल्या साक्याचा काडीच्या टोकावर येईल एवढा कण टाकून ढवळला. पाणी गढूळ झाले. बफरमधला कण दिसेनासा झाला. मुलांनी बाके वाजवली. त्याने बफरमध्ये थायमॉल ब्ल्यूचे, म्हणजे पी-एचप्रमाणे रंग बदलणाऱ्या दर्शकाचे, थेंब टाकले. रंग हिरवट निळा आला. "ह्यो रंग बदलला न्हाई म्हंजे पी-एच जागच्या जागी हाय," त्याने सांगितले.

तेव्हा मी उभा राहिलो.

"आपण लिटरला सात ग्रॅम म्हणालात. म्हणजे या शंभर मिलिलिटरमध्ये दशांश सात ग्रॅम विरघळायला हवे. टेबलावरच्या त्या वाटीत बरोबर तेवढाच साका आहे. फळ्यावरचा आकडा खरा असेल तर सगळा टाकून दाखवा."

तो साकाही मीच तोलून ठेवला होता. हे कोणी लिहिले नाही, कारण कोणाला ठाऊक नाही.

तो हसला आणि वाटी उपडी केली. ढवळले. पांढरे झाले. आणखी ढवळले, आणखी, दंड दुखेपर्यंत. पांढरे ते पांढरेच.

"आवं मास्तर, दूध नासलं का?" मागून कोणी तरी म्हणाले.

"चहा टाका त्यात, आमी पितो," दुसरा म्हणाला. वर्ग फुटला. मी हसलो नाही. हसण्याचे काम वर्ग करीत होता.

त्याने काच उजेडाकडे धरली आणि थांबला. हिरवट छटा गेली होती. गढुळातून निव्वळ निळे दिसत होते. हशा चालू असतानाच त्याला सगळे कळले, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिले. दोन पावलांवर होतो मी.

"सर," तो प्रमुखांना म्हणाला, "पी-एच वर सरकलाय. ह्यातलं अमोनियम सपत आलंय. आकडा बरोबर हाय, पन पी-एच ठरलेला ऱ्हायला तर. बफर पातळ हाय. मला चार ग्रॅम अमोनियम क्लोराइड द्या, सगळं निवळ करून दावतो."

अक्षरशः बरोबर. त्या पातळ बफरमध्ये अपेक्षेच्या नवव्या हिश्श्याइतकेच विरघळू शकत होते, आणि तेवढे क्लोराइड घातले असते तर साका गेला असता. क्लोराइडची बरणी माझ्या बाजूच्या कपाटात होती. किल्ली माझ्या खिशात होती. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिले.

"टेबलावर नाही," मी म्हणालो.

"नियम नियम आहे," प्रमुख म्हणाले. "बसा आपण."

तो बसला नाही. चंचुपात्र हातात धरून उभाच राहिला, आणि मुले टाळ्या वाजवून त्याला बसवीत राहिली. शेवटी शिपायाने येऊन ते त्याच्या हातातून काढून घेतले.

व्हरांड्यात त्याने मला गाठले.

"कितीची बाटली होती रं ती?"

"दशांशाची."

"तुला ठावं व्हतं."

"वहीत लिहिले आहे."

"मला सांगायचं न्हाईस?"

"तू विचारले नाहीस."

"काल तर लय बोललो रं आपन," तो एवढेच म्हणाला आणि जिना उतरला.

माझे व्याख्यान दुपारी झाले, चांगले झाले, आणि संध्याकाळी प्रमुखांनी मला खोलीत बोलावले. त्यांनी चष्मा काढून विचारले, "तो शेवटी म्हणाला ते बरोबर होते?"

"पूर्ण बरोबर होते."

"आणि आपल्याला आधीपासून माहीत होते."

"होय."

मला वाटले, जागा गेली. पण ते म्हणाले, "प्रयोगशाळेत दुसऱ्याने भरलेल्या बाटलीची तीव्रता न विचारता जो हात घालतो, तो मुलांच्या हाताखाली काय ठेवील? आपण विचारले असते. माणसाची आपल्याला पर्वा नसते, हे मला दिसते. पण बाटलीची चौकशी आपण केली असती." मग त्यांनी नेमणुकीच्या कागदावर सही केली. हे वाक्य मी आजवर प्रशस्ती मानत आलो आहे. ती नव्हती असे कोणाला वाटत असेल, तर त्याने ते त्यांच्या तोंडून ऐकलेले नाही.

पहिल्या लेखकाने आणखी सूचित केले आहे की, मी त्या मुलाला मरणाच्या दारात धाडले. हेही खोटे. तो साताऱ्याला गेला, भरती झाला आणि जिवंत परत आला. मी साताऱ्याला परीक्षक म्हणून गेलो असताना तो मला मोटार-स्टँडवर भेटला; डाव्या हाताची दोन बोटे नव्हती. मी विचारले, शास्त्राचे काही वाचतोस का. म्हणाला, "न्हाई. ऊस लावतो." चहा घेणार का, असे विचारल्यावर म्हणाला, "तुमी घ्या." शाळेपासून मला अरेतुरे करणारा माणूस तो. गाडी येईपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो.

आता राहिले ते सांगतो, कारण दोन्ही लेखकांना ते माहीत नाही. नेमणुकीनंतरच्या पहिल्याच तासाला मी तोच विषय घेतला. तीच दोन चंचुपात्रे, तेच पातळ बफर, तोच साका. तो न विरघळता राहिला. मुले गोंधळली. मग मी सांगितले की, आकडा चुकलेला नाही. आकड्यात पी-एच ठरलेला धरला आहे आणि तो धरून ठेवणारे अमोनियम संपत आले आहे. कपाट उघडले, चार ग्रॅम क्लोराइड घातले. सगळे निवळ झाले, आणि वर्गाने बाके वाजवली. प्रमुख मागे बसले होते. त्यांनी मान हलवली. हे स्पष्टीकरण कोणाचे, हे मी त्या दिवशी सांगितले नाही. पुढे निवृत्तीपर्यंत दर वर्षी तो तास घेतला. माझा सर्वांत गाजलेला तास तोच, असे स्मरणिकेत छापले आहे. तेवढे मात्र खरे आहे.