सरांनी थांबवलेला हप्ता

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून ते म्युच्युअल फंडांची कामं करायचे. पूर्वी टायपिंग शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत.

दवाखान्याच्या धुलाईघरात काम करणारी मावशी पहिल्यांदा आली, तेव्हा सरांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. "दर महिन्याला हजार भरायचे. युनिटचा भाव चाळीस असेल तर पंचवीस युनिटं मिळतील. भाव वीसवर आला तर पन्नास. परत चाळीस झाला तर पुन्हा पंचवीस. तीन हजारांत शंभर युनिटं, म्हणजे एक युनिट सरासरी तिसाला पडलं."

"आणि भाव वर आलाच नाही तर?"

"तर तोटा होतो. सरासरीने खरेदी स्वस्त पडते, नफ्याची हमी नसते. म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे घालायचे."

तिसऱ्या वर्षी बाजार कोसळला. मावशीने घाबरून फोन केला. "थांबवू का हो?"

"मुळीच नाही. आता तर जास्त युनिटं मिळतायत," सर ठामपणे म्हणाले. दिवसभर असे वीसेक फोन घेतले. संध्याकाळी आपलं खातं उघडलं, लाल आकडे पाहिले आणि स्वतःचा हप्ता गुपचूप बंद केला. बायकोलाही सांगितलं नाही.

भाव सावरून बराच वर गेल्यावर त्यांनी तो पुन्हा सुरू केला. स्वस्ताईचे चौदा महिने हातचे गेले होते.

चार वर्षांनी मावशी कानाच्या मशीनसाठी थोडे पैसे काढायला आली. फॉर्मवर सही करून म्हणाली, "पडत्या काळात तुम्ही धीर दिलात म्हणून एवढं जमलं. तुमचं तर दणकून वाढलं असेल."

सर नुसतं हसून वेळ मारून नेऊ शकले असते. पण त्यांचे कान तापले.

"मावशी, मी माझा हप्ता तेव्हा बंद केला होता."

तिला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. खाली दुकानातलं बोलणं क्षणभर थांबलं.

"मग मला का चालू ठेवायला सांगितलंत?"

"सल्ला बरोबरच होता. पण..." त्यांना तिच्याकडे बघवेना. "तुमचे पैसे फंडात राहिले की मला कमिशन मिळतं. तेही डोक्यात होतं."

मावशी पिशवी उचलत म्हणाली, "माझं भलंच झालं. पण तुम्हीही घाबरलाय, हे सांगितलं असतंत तर मला त्या दिवसांत इतकं एकटं वाटलं नसतं."

तिने हप्ता चालूच ठेवला. सल्ला विचारायला मात्र ती पुढे कधी आली नाही. फोनवर कामापुरतं बोलायची. आणि नव्या माणसाला चाळीस-वीस-चाळीसचा हिशेब समजावताना सरांची मान आपोआप खाली जायची.