शिवकांताच्या दुकानातला अर्धा य

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि उदगीरला जिल्हा होण्याची घाई झाली. नळाला पाणी नाही, पण चौकाचौकात 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' म्हणून फलक. ते फलक आणि निवेदनं बहुतेक शिवकांताच्या दुकानात जुळवली जायची. मी तिच्या शेजारी वह्या-पेनांचं दुकान चालवतो, त्यामुळे पुढाऱ्यांची नावं कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली यावरून झालेली सगळी भांडणं मला फुकटात ऐकायला मिळाली.

शिवकांता मोठी कामसू बाई. नवरा गेल्यावर एक संगणक, एक छपाईचं यंत्र आणि सासऱ्यांनी दिलेली ही जागा एवढ्यावर तिनं दुकान उभं केलं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, कानाला सतत मोबाईल. गिऱ्हाईकानं 'अर्जंट' म्हटलं की ती मुद्दाम सावकाश करायची. मला ते फार आवडायचं.

आमच्या गल्लीतली हलीमाखाला, म्हणजे हलीमामावशी, डाळमिलमध्ये निवडण्याचं काम करायची. तुरीच गेल्या, मग मिल कसली चालते. त्यातच चैत्रात तिची एकुलती एक लेक बाळंतपणात गेली. पोर नि बाळ दोन्ही. त्यानंतर खालानं नमाज धरली. आयुष्यभर ढोर मेहनतीत ती राहून गेली होती. उर्दू-अरबी अक्षर तिला येत नव्हतं, पण रात्रशाळेत शिकलेलं मराठी चांगलं यायचं. गल्लीतल्या बायकांचंही तसंच. नमाजात म्हणायची कुराणातली सुरा, शब्द अरबी पण लिपी मराठी, असं एका जुन्या पुस्तकातलं पान मौलवीसाहेबांनी मोबाईलवर टिपून पाठवलं, आणि खाला ते घेऊन शिवकांताकडे आली. मोठ्या अक्षरात कार्ड करून दे म्हणाली, म्हणजे भिंतीला लावून सगळ्याजणी पाठ करतील.

फोटो म्हणजे धुकं होतं. कुणीतरी झेरॉक्सचा झेरॉक्स काढलेला, त्याचा हलत्या हातानं फोटो, आणि तो दहा जणांकडून फिरून आलेला. सुटी अक्षरं कशीबशी लागत होती, जोडाक्षरांचा मात्र नुसता चिखल. 'यौमिद्दीन' मधला द्द एकदा द्ध वाटे, एकदा द्व. शिवकांता पडद्याला नाक लावून बसली. 'दीन' हा शब्द तिच्या ओळखीचा, म्हणून तिथं ती सुटली. मराठी मजकुरात अक्षर पुसट असलं तरी ओळीच्या अर्थावरून लागतं, इथं अर्थच हाताशी नव्हता. 'इय्याक' मधल्या पहिल्या, अर्ध्या य ला स्वतःची काठी नसते. फोटोत तो पुढच्या य च्या पोटात विरघळून गेला होता. तिला एकच जाडसर य दिसला, म्हणून तिनं 'इयाक' असं जुळवलं.

तिची कामाची एक रीत होती. छापण्याआधी मजकुराचा फोटो गिऱ्हाईकाला पाठवायचा, आणि 'बरोबर' असं उत्तर आल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही. तसा तिनं मौलवीसाहेबांना पाठवला. ते फलकांच्या गर्दीचे दिवस, तिनंही घाईत, तिरका धरूनच फोटो काढला. साहेबांचं उत्तर लगेच आलं, माशाअल्लाह, एकदम बरोबर. खोटं नव्हते बोलत. ज्या माणसाला सुरा लहानपणापासून तोंडपाठ, तो कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. शिवकांताला अरबी येत नव्हतं म्हणून चूक दिसली नाही, आणि त्यांना येत होतं म्हणून दिसली नाही. पुढाऱ्यांच्या बाबतीत असं झालं असतं तर मी आठवडाभर हसलो असतो.

खालाच्या ओसरीवर कार्ड लागलं. दुपारच्या उन्हात बायका जमायच्या, खाला बोट ठेवून पुढं म्हणायची, मागून सगळ्या. दुकानापर्यंत आवाज यायचा. नमाज झाल्यावर खाला हात पसरून लेकीसाठी मागायची, आणि मग उन्हानं तापलेल्या रस्त्यानं घागर घेऊन टँकरकडे जायची. या बाईला पुन्हा उभं राहताना बघून मला खरोखर बरं वाटायचं.

आषाढात नांदेडहून झुबेदा आपा आल्या. त्या मुलींना कुराण शिकवतात, आणि बायकांचं पाठांतर ऐकायला म्हणून आल्या होत्या. डोळे मिटून ऐकत बसल्या आणि मध्येच हात वर केला. पुन्हा म्हणा म्हणाल्या. सगळ्यांनी एका सुरात 'इयाक नअबुदु' म्हटलं. आपांनी कार्ड बघितलं. मग न रागावता समजावलं, की इथं य वर जोर आहे, तो दोनदा उच्चारायचा. 'इय्याक नअबुदु' म्हणजे आम्ही तुझीच इबादत करतो. जोर गेला की अरबीत तो शब्द सूर्याच्या उजेडाचा होतो. म्हणजे आम्ही तुझ्या उन्हाची इबादत करतो, असं होऊन बसतं.

बायकांपैकी एकजण हसली. त्या वर्षी उन्हाला कुणी कशाला पुजेल. खाला हसली नाही. ती कार्ड भिंतीवरून काढून थेट शिवकांताच्या दुकानात आली आणि ते टेबलावर ठेवलं. मी गल्ल्यावरून उठून दारात आलो.

"एवढे दिवस मी माझ्या लेकीसाठी कुणाला मागून राहिले होते?" ती म्हणाली.

शिवकांताला काय झालं ते समजायला वेळ लागला. समजल्यावर तिच्या तोंडाचं पाणी पळालं. फोटो धूसर होता, साहेबांनी बरोबर म्हटलं होतं, हे सगळं खरं होतं आणि यातलं ती काहीच बोलली नाही. मला तिचा त्या क्षणी अभिमान वाटला. मी असतो तर पहिल्यांदा तेच बोललो असतो.

आपा मागोमाग आल्या होत्या. ठाऊक नसताना झालेल्या चुकीचा गुन्हा लागत नाही, मागितलेलं मागितलेलंच आहे, आता कळलं तर आता नीट म्हणायचं, असं त्यांनी खालाला दोनदा सांगितलं. खाला मान हलवत होती, पण पटलेलं दिसत नव्हतं.

शिवकांतानं नवं पान उघडलं. फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. आपांना म्हणाली, तुम्ही म्हणा, मी टाइप करते. झाल्यावर छापायच्या आधी खालाला पडद्यासमोर बसवलं आणि मोठ्यानं वाचायला लावलं. आपांनी पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकायचं. तेव्हापासून परक्या भाषेतला मजकूर आला की तिच्या दुकानात असंच होतं, न येणाऱ्यानं वाचायचं आणि येणाऱ्यानं ऐकायचं.

खाला त्या शब्दावर अडली. जीभ जुन्या वळणावर जात होती. इयाक. पुन्हा इयाक. जीभ आणखीच अडखळायला लागली. आपा काही बोलणार, तोच शिवकांतानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खाला, लेकीला हाक कशी मारत होता?"

किती महिन्यांत खालानं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. दुआतही ती नुसतं 'माझी पोर' म्हणायची.

"रुकय्या," ती म्हणाली.

"मग तसाच य हाय तो."

खालानं डोळे पुसले नाहीत. पडद्याकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून म्हणायला लागली. त्या शब्दाशी आली तेव्हा क्षणभर थांबली, आणि अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं तशा आवाजात तिनं तो म्हटला.