स्क्रीनशॉटच्या फोल्डरमधले आबा

फेब्रुवारीतला पहिला रविवार. ठरलेला खर्च साडेचारशे रुपये, फोटोच्या फ्रेमचा. हजर माणसं चार: मी, बायको आणि तिचे दोन भाऊ. जागा आमचं नवघरचं घर.

सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, पहिला स्मृतिदिन पुढच्या आठवड्यात होता. पुण्यानुमोदनाला भंतेजी येणार होते आणि बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला आबांचा धड एक फोटो नव्हता. आबा परभणीकडच्या गावात राहिले. कॅमेरा समोर आला की तोंड फिरवायचे. बायको दर रविवारी त्यांना व्हिडिओ कॉल करायची. ते हसले की तेवढ्यात स्क्रीनशॉट काढायची. आबांचं हसणं तेवढंच शिल्लक होतं, तिच्या फोनमध्ये.

तो फोन पार भरलेला. नवीन फोटो निघेना. ऑनलाइन बॅकअप फक्त कॅमेऱ्याच्या फोटोंचा व्हायचा, तोही जागा संपल्यामुळे सात महिने बंद. धाकटा मेहुणा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. तो म्हणाला, "दे ताई, अर्ध्या तासात साफ करून देतो. किती कचरा साठवलायस."

तो सोफ्यावर बसून मोठ्याने वाचत होता. "सूर्यफूल, शुभ सकाळ. पुन्हा सूर्यफूल. लिंबूपाण्याने शुगर जाते. ताई, तुझी शुगर गेली का?" बायको स्वयंपाकघरातून हसत होती. त्याचा हिशोब साधा होता: कॅमेऱ्याच्या फोल्डरमधलं ते खरं, बाकी सगळं भंगार. ग्रुपवरून आलेले फोटो त्याने निदान चाळले. स्क्रीनशॉटचा फोल्डर उघडला, वरचे दहा-बारा पाहिले. ओटीपी, लाइटबिल, साड्यांचे भाव. सगळे निवडले आणि उडवले.

थोरला मेहुणा फ्रेमचं माप घेऊन आला. "आबांचा कॉलमधला फोटो दाखव."

"कॉलमधला म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

बायको हात पुसत बाहेर आली. तिला एका क्षणात कळलं. ती मटकन जमिनीवर बसली.

थोरल्याने धाकट्याची कॉलर धरून त्याला उचललं आणि कपाटावर आपटलं. कपाटाच्या कडेने भुवई फाटली. "मयतीला आला नाहीस. ऑफिस होतं तुला. आता फोटोपण पुसलास?" प्रत्येक वाक्याला एक ठोसा. मी मध्ये पडलो तर कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि ओठ दातात चिरला. धाकट्याने थोरल्याच्या पोटात गुडघा घातला. टीपॉयची काच फुटली. थोरल्याने त्याच्या हातातला फोन हिसकला आणि भिंतीवर मारला. खाली पडल्यावर वर टाचही दिली.

"दादा, सोड त्याला, मरंल तो," बायको ओरडली. शेजारच्या गुजराती काकांनी दार वाजवलं. "क्या हुआ?" मी आतूनच म्हणालो, "कुछ नहीं, घर का मामला है।" माझ्या शर्टावर रक्त होतं.

धाकटा फरशीवर बसला होता. भुवईचं रक्त डोळ्यात ओघळलेलं. तो हळू बोलला, "पुसलेलं तीस दिवस बिनमध्ये राहतं, दादा. परत आणता आलं असतं. फोन फोडलास तू."

थोरला आपल्या टाचेकडे बघत राहिला.

मी धाकट्याला विचारलं, "बिन रिकामी केलीस का?"

"करणारच होतो. त्याशिवाय जागा मोकळी होत नाही. तेवढ्यात दादा आला."

त्याला डॉक्टरकडे नेऊन मी फोन हाटकेशला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उलटसुलट पाहिला. "डिस्प्ले गया है। बोर्ड ठीक लग रहा है। रिसेट मत करवाना किसी से, सब उड़ जाएगा।" तीन तास मी दुकानाबाहेर उभा राहिलो. बायको घरी एकाही भावाशी बोलत नव्हती.

फोन चालू झाला. बिनमध्ये ओटीपी आणि साड्यांच्या मधे आबा होते. एकोणीस स्क्रीनशॉट. एकात कॉल कापायचं लाल बटण त्यांच्या हनुवटीवर आलंय, तरी हसतायत.

संध्याकाळी बायकोने स्वतः निवड केली. आधी 'आबा' नावाचा अल्बम केला, एकोणीस बिनमधून परत आणून त्यात. त्याची एक प्रत माझ्या फोनवर. ग्रुपवरून आलेल्या ढिगात भाचीच्या बारशाचे फोटो सापडले, तेही बाजूला काढले. राहिलं ते पुसलं आणि बिन सगळ्यात शेवटी, मला दाखवून, रिकामी केली. धाकटा भुवईला पट्टी बांधून शेजारी बसला होता. तिने त्याला फोनला हात लावू दिला नाही. थोरला दारातच उभा.

शेवटी दिलेले पैसे: डिस्प्लेचे तीन हजार दोनशे, दुरुस्तीवाल्याला, मी. चार टाक्यांचे अकराशे, डॉक्टरांना, थोरल्याने. फ्रेमचे साडेचारशे धाकट्याने दिले, फ्रेमवाल्याला.