आईच्या टीव्हीचा उजेड

त्याला सगळे टॉर्च म्हणत, कारण कोणाचा टीव्ही दुरुस्त करायला गेला की तो आधी खिशातून टॉर्च काढायचा. पायाला भिंगरी होतीच. चहा उभ्यानेच प्यायचा, आणि गिऱ्हाईक बोलत असताना याची बोटं स्क्रू शोधत फिरायची.

त्याची एक खोड होती. टीव्ही दुरुस्त करून झाला की गिऱ्हाइकाला न सांगता त्याचा उजेड कमी करून द्यायचा. सांगितलं की लोक हुज्जत घालतात, "पैसे पूर्ण आणि उजेड अर्धा?" म्हणतात. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. आठ दिवसांत डोळ्यांना सवय होते आणि टीव्ही वर्षानुवर्षं चालतो. एवढा शहाणपणा त्याच्याकडे होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

चार महिन्यांपूर्वी आईचा टीव्ही बंद पडला. आवाज येत होता, चित्र मात्र काळंठिक्कर. त्याने पडद्यावर तिरका टॉर्च मारला, तेव्हा आत अंधूक माणसं हलताना दिसली.

"पडदा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "मागचे दिवे गेलेत."

टीव्ही उघडला. पडद्यामागच्या पट्ट्यांवर छोटे दिवे ओळीने बसवलेले होते. त्यातला एक मेला होता, आणि एक मेला की त्याच्या ओळीचा प्रवाहच तुटतो. बाकीच्यांच्या बुडाशी करपल्यासारखे डाग पडले होते. एकच बदलला असता तर महिन्याभरात दुसरा गेला असता, म्हणून त्याने सगळ्या पट्ट्या नव्या घातल्या. कारणही समोरच होतं. टीव्ही कपाटाच्या बंद खणात कोंबलेला, मागे हवा जायला बोटभर जागा नाही आणि उजेड शंभरावर. जपून वापरले तर असे दिवे दहा-दहा वर्षं टिकतात. इथे दिवसाचे दहा तास भट्टी पेटलेली, म्हणून तिसऱ्या वर्षीच संपले.

मग त्याने नेहमीचं काम केलं. दिव्यांचा प्रवाह ठरवणारे दोन बारीक रोधक, म्हणजे रेझिस्टर, शेजारी-शेजारी समांतर जोडलेले होते. त्यातला एक काढून टाकला. आता रिमोटवर कितीही वाढवलं तरी दिव्यांना कमीच प्रवाह मिळणार होता. आईला तो काही बोलला नाही.

आज आईच्या घराच्या जिन्यातच धाकटी बहीण भेटली. तिच्या हातात आईचं शिवणाचं मशीन होतं.

"आईने दिलं," ती म्हणाली. "म्हणते, डोळे गेले, आता काय शिवणार?"

तो दोन-दोन पायऱ्या चढत निघाला. वर गेला तर आई टीव्हीसमोर डोळे बारीक करून बसली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा कधीचाच अधू.

"कधीपासून गं?"

"झाले चार महिने. चेहरे राखेसारखे दिसतात. सुईत दोरा ओवायला वेळ लागायचाच, पण टीव्हीवरची माणसं दिसतात तोवर डोळे शाबूत, असं मी धरून चालले होते. आता तेही गेलं. तुम्हाला कशाला घोर लावायचा, म्हणून बोलले नाही."

तो खिडकीशी गेला, परत आला. हात कुठे ठेवावेत ते कळेना. चार महिने ही बाई आंधळी होण्याची तयारी करत होती, आणि ते याने स्क्रू पिळता पिळता केलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"डोळे नाही गेले आई. टीव्ही मी मंद केलाय. तुला न सांगता."

आईने टीव्हीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

त्याने टीव्ही खणातून ओढून काढला, जमिनीवर गोधडी पसरून त्यावर पालथा घातला, मागचं झाकण उघडलं. डबीतून तसाच रोधक काढून जागेवर लावला. मग भिंतीत पट्टी ठोकून टीव्ही मोकळ्या हवेत, मागे चार बोटं जागा सोडून टांगला. खिडकीचा पडदा ओढला, खुर्ची पुढे सरकवली आणि टीव्ही सुरू केला.

आई पुढे झुकून पडद्यावरच्या बाईकडे बघू लागली. "हिच्या कपाळावर तीळ आहे," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"पण दिवे लवकर जातील," तो म्हणाला. "आता मोकळ्यावर आहे, म्हणून पाचेक वर्षं धर. मंद ठेवला असता तर दहा."

"मला पाच चालतील. दहा कोणासाठी वाचवत होतास?"

तो हत्यारं गोळा करू लागला.

"मशीन परत आण," आई म्हणाली. "आणि का आणतोयस ते बहिणीला तूच सांग."

तो खाली मान घालून खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. "सांगतो," म्हणाला, आणि तिने टीव्ही बंद करेपर्यंत उठला नाही.