दोन रेषांमधले पंधरा मीटर

डिसेंबरातला दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा. वर्गणी माणशी साडेतीनशे, त्यात बस आणि सकाळचे पोहे. जागा आमच्या सोसायटीचे कार्यालय, म्हणजे पंपाशेजारची खोली. हजर तेरा जण. बायको धरून तेरा. ती सभासद नव्हती, पण सभा तिच्या गुडघ्यामुळेच भरली होती.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. वर्षातून एकदा हा गट डोंगर चढतो. यंदाचा डोंगर त्र्यंबककडच्या रांगेतला. त्याच्या पायथ्याचे गाव माझ्या बायकोचे माहेर. लहानपणी ती दरवर्षी माथ्यावरच्या देवीला जायची, गेल्या दहा वर्षांत एकदाही गेली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, डाव्याचे मार्चमध्ये ठरले होते. "दोन्ही गुडघे कंपनीचे व्हायच्या आत एकदा वर जाऊन येते," असे तिने जाहीर केले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चढ-उतार चालेल, उंच पायऱ्या मात्र नकोत, उतरताना तर नकोतच.

डोंगराची नेहमीची वाट म्हणजे कातळात खोदलेल्या पायऱ्या. एकेक पायरी गुडघ्याएवढी.

मग दुसरी वाट शोधणे माझ्याकडे आले. मी नोकरीत हिशेब तपासतो. कागदावर आकडे दिसले की मला धीर येतो. या भागाचा सरकारी नकाशा मिळवला, एकास पन्नास हजार प्रमाणाचा, आणि छापून आणला. घरी पट्टी लावली तर नकाशावरचा एक किलोमीटर दोन सेंटीमीटरऐवजी एक पूर्णांक सात भरला. दुकानदाराने तो कागदात बसवायला लहान केला होता. परत जाऊन पूर्ण मापात छापून घेतला. हे सभेत सांगितले तेव्हा आमचे अध्यक्ष म्हणाले, "तीन मिलिमीटरसाठी परत पैसे? तुम्ही धन्य आहात."

अध्यक्षांचे हार्डवेअरचे दुकान आहे. निर्णय ते चटकन घेतात, कारणे नंतर येतात.

मी नकाशा टेबलावर पसरला आणि समजावून सांगितले. या तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा, म्हणजे कंटूर. एका रेषेवरची सगळी ठिकाणे एकाच उंचीची. एका रेषेवरून शेजारच्या रेषेवर गेलो की वीस मीटर चढलो किंवा उतरलो. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे शंभर मीटर. रेषा जवळजवळ तर चढ उभा, लांबलांब तर सौम्य. गाव सहाशे साठवर, माथा एक हजार ऐंशीवर. म्हणजे कुठूनही गेलो तरी एकवीस रेषा ओलांडायच्या.

"कुठूनही गेलो तरी एकवीसच ना?" अध्यक्ष म्हणाले. "मग जवळून जाऊ." त्यांनी गावापासून माथ्यापर्यंत बोट ओढले. सरळ रेषेत सव्वादोन सेंटीमीटर. "सव्वा किलोमीटरसुद्धा नाही. आणि हे बघा, नकाशात बाणच दिलेत वर जायला."

बाण खरेच होते. त्या बाजूला प्रत्येक रेषा इंग्रजी व्हीसारखी वळली होती आणि टोके एकाखाली एक, सगळी माथ्याकडे.

आमच्या गटात भूगोलाच्या एक बाई आहेत. सव्वीस वर्षे त्यांनी नववीला हा धडा शिकवला. त्या म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, ते बाण नाहीत. टोक चढाच्या बाजूला असेल तर ती दरी. आपल्याकडची नाळ. पावसाळ्यात तिथून पाणी येतं. आणि टोक उताराकडे असेल तर ती सोंड, धार. चालायला धार बरी."

"कुठली धार?"

मी दाखवली. गावाच्या डावीकडून निघून वळत वळत माथ्याला मिळणारी सोंड. दोरा लावून मोजली होती, पाच पूर्णांक सहा सेंटीमीटर, म्हणजे दोन किलोमीटर आठशे मीटर. चारशे वीस मीटर चढ भागिले अठ्ठावीसशे, शंभराला पंधरा. इस्पितळातला उतार मी टेपने मोजून आलो होतो, तो शंभराला दहा. बायको त्यावरून आठवडाभर चालली होती. तेव्हा शंभराला वीसपर्यंत तिला चालेल, असे मी धरले.

अध्यक्षांनी चष्मा सरकवला. "तुमच्या रस्त्यावर तर सगळे बाण खाली दाखवतायत! परत पाठवतोय तुम्हाला नकाशा."

सगळे हसले. मी म्हणालो, नाळेत शेवटच्या चार मिलिमीटरमध्ये नऊ रेषा आहेत. दोनशे मीटरच्या अंतरात एकशे ऐंशी मीटर चढ. शंभराला नव्वद.

"सरासरी काढा की," कुणीतरी म्हणाले. सरासरी शंभराला सदतीस येत होती, आणि ऐकायला तितकी वाईट नव्हती.

मतदान झाले. नाळेच्या बाजूने दहा, सोंडेच्या बाजूने बायको धरून तीन. डोंगर बहुमताने सोपा ठरला. मी हरकत नोंदवली. अध्यक्षांनी ती नोंदवहीत लिहिली, खाली सही घेतली, आणि ज्यांना वेगळे जायचे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावे, असा ठराव केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला आम्ही तिघे सोंडेला लागलो. मी, बायको आणि भूगोलाच्या बाई. बाकीचे दहा नाळेत शिरले. धुके होते, पुढचे फारसे दिसत नव्हते. पण वाट नकाशाप्रमाणेच निघाली. रेषा लांब होत्या तिथे बायको माहेरच्या गोष्टी सांगत चालली, जवळ आल्या तिथे गप्प झाली. दोन्ही बाजूंना उतार, मध्ये आम्ही. बाई दोनदा म्हणाल्या, "पुस्तकातल्यासारखी आहे हो अगदी." इतकी वर्षे शिकवून सोंडेवरून त्या पहिल्यांदाच चालत होत्या.

बारावी रेषा ओलांडली, नऊशेची, जाड. फोनमधली उंचीही तेवढीच. मी बायकोला म्हणालो, आता एक छोटा तुकडा आहे. नऊशे आणि नऊशे वीसच्या रेषांमध्ये एकच मिलिमीटर आहे, म्हणजे पन्नास मीटरमध्ये वीस. शंभराला चाळीस. हळू जाऊ.

झाडे संपली आणि समोर भिंत आली.

काळा, सरळ, गुळगुळीत कातळ. आमची इमारत पाच मजली आहे, मजला तीन मीटरचा. तेवढाच. भिंतीच्या पायाशी जमीन जवळजवळ सपाट होती, आणि वरही सपाटच असणार. पन्नास मीटरांतला बहुतेक सगळा चढ निसर्गाने एका जागी रचून ठेवला होता. मी तो पन्नास मीटरांत सारखा वाटून टाकला होता.

बायकोने कातळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "अहो, ही कागदात कुठं होती?"

"दोन रेषांच्या मध्ये," मी म्हणालो. "वीस मीटरपेक्षा कमी उंचीचा कडा रेषांच्या मध्ये लपू शकतो."

"हे काल माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग?"

 काल सभेत सरासरीला हरकत घेणारा मीच होतो, आणि इथे मीही सरासरीच काढली होती.

ती दगडावर बसली आणि गुडघ्याला बांधलेला पट्टा सोडून परत बांधला. ती रागावली नव्हती, हे जास्त वाईट होते. "जाऊ द्या. इथवर आले, हेही पुष्कळ झालं. देवीला इथूनच हात जोडते," ती म्हणाली. मार्चनंतर ती परत येणार नव्हती, हे आम्हा दोघांना ठाऊक होते.

तेवढ्यात उजवीकडून विळा हातात घेतलेली एक बाई आली. साठीची असेल. गवत कापत होती. आम्हाला पाहून थांबली.

"कंच्या गावचं म्हनायचं? हितनं तर शेळी बी जात नाय वर."

बायकोने माहेरचे नाव सांगितले. बाईने तिला निरखले. "मास्तराची पोर का गं तू? लय जाड झालीस." मग गुडघ्याकडे बघून म्हणाली, "पदरानं जा की. हा पदर धरायचा, वर नाय, खाली नाय. फुडं कडा मोडलाय. तिथनं म्हशी जात्यात."

भिंतीच्या पायाशी डोंगराला चिकटून सपाट पट्टा जातो, त्याला इकडे पदर म्हणतात. वर नाही, खाली नाही, म्हणजे एकाच रेषेवरून. मी नकाशा उघडला. नऊशेची जाड रेषा धरून बोट उत्तरेला नेले. नऊशे वीसची रेषा तिला चिकटून चालली होती, एक मिलिमीटर, एक मिलिमीटर, आणि दीड सेंटीमीटरवर, म्हणजे साडेसातशे मीटरवर, अचानक दूर गेली. तीन मिलिमीटर. शंभराला तेरा. त्या रेषा इतका वेळ जवळ जवळ का चालल्यात, हे मी विचारलेच नव्हते. नकाशाने सांगायचे ते सांगितले होते.

"इथं," मी बोट ठेवून म्हणालो.

"त्येच तर म्हनते मी," बाई नकाशाकडे न बघता म्हणाली आणि पुढे निघाली.

पदर बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. पाऊण तास लागला. कडा खरेच मोडला होता, मातीचा आणि दगडांचा तिरका उतार, त्यावर म्हशींनी नागमोडी वाट पाडलेली. बायको एका हाताने माझा आणि एका हाताने त्या बाईचा खांदा धरून चढली. त्यापुढे रेषा परत लांब झाल्या. सव्वाअकराला ती देवीसमोर बसली होती. काय मागितले ते मी विचारले नाही.

बाकीचे दहा जण तिथे आधीच होते. नाळेत वरच्या टोकाला त्यांना कोरडा धबधबा आडवा आला. ते परत फिरले, डोंगराला वळसा घालून पायऱ्यांनी वर आले. तिघांच्या पोटऱ्या धरल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "नाळेचा मार्ग चांगला आहे, फक्त ऋतू चुकला. पावसाळ्यासाठी नोंदवून ठेवू."

"पावसाळ्यात तिथे धबधबा ओला असेल," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. ते नोंदवले गेले नाही.

उतरताना बायकोने मला विचारले नाही. ती त्या गवतवाल्या बाईच्या मागे चालली, आल्या वाटेने, म्हशींच्या वळणांवरून, पदरावरून, सोंडेवरून, आणि मी त्यांच्या मागे. पायऱ्यांनी उतरायला नको म्हणून दहातले चार जण माझ्या मागे. नकाशा पिशवीत होता. दुपारी पावणेतीनला ती गावात पोचली, स्वतःच्या पायांनी. गुडघा सुजला नाही. रात्री मी टेपने मोजला, तेव्हा तिने तो टेप काढून घेतला.

गावातून निघण्याआधी गवतवाल्या बाईच्या घरी आम्ही तिघे जेवलो होतो. नागलीची भाकरी, उडदाचे पिठले, मिरची. वाट दाखवल्याचे पैसे ती घेईना. "वाट काय म्या बांधली?" अध्यक्षांनी सुचवले की गटातर्फे मार्गदर्शनाचे मानधन देऊ, फक्त पावतीवर अंगठा लागेल. ती हसून आत गेली. शेवटी तीन ताटांचे तीनशे रुपये बायकोने तिच्या सुनेच्या हातात दिले.